प्रत्येक फेरीचा सेकंद नीट राउंड केला, तरी बेरीज सात सेकंदांनी का चुकली?

प्रश्न: आमच्या धावण्याच्या ग्रुपची ४०० मीटरच्या ट्रॅकवर १०,००० मीटरची टाइम ट्रायल झाली. एका मुलीच्या पंचवीसही फेऱ्यांचे टायमिंग शीटमध्ये पूर्ण सेकंदात लिहिले. अर्ध्याच्या खाली असेल तर सोडून दिले, वर असेल तर पुढचा सेकंद धरला. बेरीज ४३:२२ आली, पण स्टॉपवॉचवर ४३:२८.७ दिसत होते. पुढच्या गटाची मर्यादा ४३:२५ आहे. राउंडिंगमधली चूक कमी-जास्त होऊन शेवटी मिटायला हवी ना? मग यातले खरे कोणते?

उत्तर:

खरे ४३:२८.७. ती पुढच्या गटात बसत नाही, आणि तुमच्या स्टॉपवॉचमध्येही काही बिघाड नाही. राउंड करण्याची पद्धतही नियमाला धरूनच होती. चूक आहे ती राउंड केलेल्या फेऱ्यांची बेरीज करून एकूण वेळ काढण्यात.

"कमी-जास्त होऊन मिटेल" हा तुमचा तर्क अगदीच बिनबुडाचा नाही, म्हणून आधी तो कुठपर्यंत चालतो ते पाहू. जवळच्या सेकंदाला राउंड केले की एका फेरीत जास्तीत जास्त अर्ध्या सेकंदाची चूक होते, कधी अधिक बाजूला, कधी उणे. फेऱ्यांचे दशांश कसेही विखुरलेले असतील, म्हणजे एखादी .१, पुढची .८, त्यानंतरची .५, तर एका फेरीतली चूक साधारण ०.२९ सेकंदाच्या घरात राहते. पंचवीस फेऱ्यांची मिळून चूक याच्या पंचवीसपट होत नाही, २५ च्या वर्गमूळाइतकी म्हणजे पाचपट होते, कारण बऱ्याच चुका एकमेकींना खातात. हे झाले सुमारे १.४ सेकंद. क्वचित त्याच्या दुप्पट, म्हणजे तीनेक सेकंदांचा फरक पडू शकतो. दहा किलोमीटरच्या बेरजेत सेकंद-दोन सेकंद इकडेतिकडे झाले तर त्यात नवल नाही.

तुमचा फरक मात्र ६.७ सेकंदांचा आहे. नुसत्या योगायोगाने इतका फरक पडणे फार दुर्मिळ. तेव्हा चुका एकमेकींना खात नव्हत्या, सगळ्या एकाच बाजूला पडत होत्या. असे का झाले ते तुमच्या फेऱ्यांच्या आकड्यांतच दिसते. स्टॉपवॉचच्या मेमरीतून तुम्ही पाठवलेले दशांशासकट आकडे असे आहेत (सेकंदांत):

१०२.३, १०३.८, १०४.२, १०४.४, १०४.३, १०४.४, १०४.१, १०४.४, १०४.४, १०४.३, १०४.४, १०४.६, १०४.३, १०४.४, १०४.४, १०५.२, १०५.४, १०५.३, १०५.४, १०५.१, १०५.३, १०५.४, १०५.२, १०४.४, ९९.३

आता सेकंद सोडून फक्त दशांश वाचत जा. तिसऱ्या फेरीपासून तेविसाव्या फेरीपर्यंत एकवीस फेऱ्या आहेत. त्यांतली एकटी बारावी .६ ची, बाकीच्या वीसही .१ ते .४ मध्ये. त्या वीसही खाली ओढल्या गेल्या आणि तिथेच ६.३ सेकंद गेले. पहिली, चोविसावी आणि पंचविसावी मिळून आणखी एक सेकंद गेला. उलट बाजूने भर घालणाऱ्या दोनच फेऱ्या निघाल्या: दुसरीने ०.२ दिले, बारावीने ०.४. हिशेब जुळवा: ६.३ अधिक १.० वजा ०.६, बरोबर ६.७.

म्हणजे मुलगी उत्तम एकसारखी धावली, आणि बेरीज बिघडली ती नेमकी त्यामुळेच. चुका मिटतात या समजुतीमागे एक गृहीत दडलेले असते, की प्रत्येक फेरीचा दशांश बाकीच्यांशी संबंध न ठेवता पडतो. नवखा धावक पहिली फेरी ९५ ला, पाचवी ११० ला, दहावी १०३ ला मारतो. त्याच्या बाबतीत हे गृहीत बरेचसे खरे ठरते. पेस धरून धावणाऱ्याच्या फेऱ्या मात्र एकमेकींची नक्कल असतात. एका फेरीत ०.४ सुटले, तर पुढच्या फेरीतही तेवढेच सुटणार, आणि त्याच दिशेने. धावक जितका शिस्तीचा, तितकी त्याच्या शीटची बेरीज वाईट चुकण्याची शक्यता जास्त. पंधरा वर्षे ट्रॅकच्या कडेला घड्याळ घेऊन बसणाऱ्या माणसालाही हे पटकन पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

याचे टोकाचे उदाहरण पुरुषांच्या १०,००० मीटरच्या जागतिक विक्रमात सापडते. केनेनिसा बेकेलेने २००५ मध्ये ब्रसेल्सला २६:१७.५३ वेळ दिली. तो विक्रम जोशुआ चेप्टेगेईने २०२० मध्ये व्हॅलेन्सियाला २६:११.०० वेळ देऊन मोडला. दोघांत साडेसहा सेकंदांचे अंतर, आणि ते मोडायला पंधरा वर्षे लागली. आता दोघांची फेरीची सरासरी काढा. बेकेलेची येते ६३.१० सेकंद, चेप्टेगेईची ६२.८४. दोन्ही राउंड केल्या की ६३. दोघे प्रत्येक फेरी आपापल्या सरासरीनेच धावले असे धरले, तर पूर्ण सेकंदाच्या शीटवर दोघांची बेरीज २५ गुणिले ६३, म्हणजे १५७५ सेकंद, २६:१५! एकाची वेळ अडीच सेकंदांनी कमी दिसते, दुसऱ्याची चार सेकंदांनी जास्त, आणि विक्रम मोडला गेल्याचा मागमूस उरत नाही. प्रत्यक्षात कुणाच्याच फेऱ्या इतक्या तंतोतंत सारख्या नसतात. पण व्हॅलेन्सियाला ट्रॅकच्या आतल्या कडेला ठरलेल्या पेसने पुढे सरकणारे दिवे लावले होते, त्यामुळे तिथल्या फेऱ्या या कल्पनेच्या बऱ्याच जवळ होत्या.

हे झाले जवळच्या सेकंदाला राउंड करण्याबद्दल. ग्रुपच्या ट्रायलमध्ये याहून जास्त वेळा दिसतो तो वेगळाच प्रकार. घड्याळ धरणारा फेरीचा आकडा ओरडतो आणि शेजारचा लिहितो. पडद्यावर १:४४.७ असले तरी तोंडातून "एक चव्वेचाळीस" एवढेच निघते, कारण दशांश वाचेपर्यंत पुढचा धावक रेषेवर आलेला असतो. याला राउंड करणे म्हणता येणार नाही, हे कापणे झाले. यात चूक नेहमी एकाच दिशेने जाते, फेरीमागे सरासरी अर्धा सेकंद. पंचवीस फेऱ्यांत साडेबारा सेकंदांच्या आसपास वेळ फुकट कमी होते आणि सगळेच धावक खुशीत घरी जातात. उलट, प्रत्येक फेरी वरच्या सेकंदाला नेली तर तेवढीच वेळ वाढते. तुमच्याच आकड्यांवर तिन्ही पद्धती चालवून पाहिल्या: कापून ४३:२०, जवळच्या सेकंदाने ४३:२२, वरच्या सेकंदाने ४३:४५. मुलगी एकच, धाव एकच.

वरच्या सेकंदाचा मुद्दा काढला, कारण काही जण "नियमच तसा आहे" म्हणून प्रत्येक स्प्लिट वर नेतात. नियम आहे, पण त्याची जागा वेगळी. वर्ल्ड अॅथलेटिक्सच्या नियमानुसार रस्त्यावरच्या शर्यतीची वेळ पुढच्या पूर्ण सेकंदाला नेतात, २:०९:४४.३ झाली तर निकालात २:०९:४५ लागते. ट्रॅकवर हाताने घेतलेली वेळ पुढच्या दशांश सेकंदाला नेतात. ही कृती शेवटच्या वेळेवर एकदाच करायची असते. मॅरेथॉनचे पाच-पाच किलोमीटरचे आठ तुकडे आणि शेवटचे २.१९५ किलोमीटर असे नऊ तुकडे प्रत्येकी वर नेऊन बेरीज केली, तर धावकाच्या माथी सरासरी साडेचार सेकंद फुकट बसतात.

आता उपाय. प्रत्येक फेरीला फेरीची वेळ लिहू नका, सुरुवातीपासून चालू असलेल्या घड्याळाची एकूण वेळ लिहा. बहुतेक स्टॉपवॉच बटण दाबल्यावर दोन्ही दाखवतात, तुम्ही एकूण वेळेची ओळ धरा. राउंड करायचे असेल तर ती एकूण वेळ राउंड करा, आणि फेरीची वेळ मागाहून वजाबाकीने काढा. तुमच्या पहिल्या आठ फेऱ्यांवर हे असे दिसते:

| फेरी | खरी फेरी | एकूण वेळ | एकूण, राउंड | वजाबाकीने फेरी |
|---|---|---|---|---|
| १ | १०२.३ | १०२.३ | १०२ | १०२ |
| २ | १०३.८ | २०६.१ | २०६ | १०४ |
| ३ | १०४.२ | ३१०.३ | ३१० | १०४ |
| ४ | १०४.४ | ४१४.७ | ४१५ | १०५ |
| ५ | १०४.३ | ५१९.० | ५१९ | १०४ |
| ६ | १०४.४ | ६२३.४ | ६२३ | १०४ |
| ७ | १०४.१ | ७२७.५ | ७२८ | १०५ |
| ८ | १०४.४ | ८३१.९ | ८३२ | १०४ |

शेवटच्या रकान्याची बेरीज ८३२, खरी वेळ ८३१.९. तुमच्या पद्धतीने हीच बेरीज ८३० आली असती, म्हणजे आठव्या फेरीतच दोन सेकंद गेले होते. या पद्धतीत चूक साचायला जागाच राहत नाही. एका एकूण वेळेत पडलेली चूक एका फेरीत मिळते आणि लगेच पुढच्या फेरीतून वजा होते. शेवटी उरते ती फक्त शेवटच्या आकड्याची चूक, अर्ध्या सेकंदाच्या आतली. फेऱ्या पंचवीस असोत की शंभर, फरक पडत नाही. आकडे ओरडून लिहिण्यालाही हेच लागू आहे: घड्याळाची चालू वेळ दशांश कापून ओरडली, तरी शेवटची चूक एका सेकंदाच्या आत राहते.

या पद्धतीची किंमतही सांगतो, कारण ती कोचला मोजावी लागते. टेबलात सहावी आणि सातवी फेरी पाहा. खरे तर सातवी ०.३ सेकंदाने जलद होती, पण वजाबाकीच्या रकान्यात ती एका सेकंदाने हळू दिसते. १०४.१ च्या जागी १०५ छापले गेले, कारण आधीच्या फेऱ्यांचे सुटलेले दशांश तिच्या वाट्याला आले. एका फेरीत असा जवळजवळ पूर्ण सेकंदाचा फरक पडू शकतो. त्यामुळे हा रकाना निकालाच्या तक्त्यासाठी ठीक, पेसचा चढउतार बघायला नाही. ते करायचे तर दशांश जपून ठेवा. दशांश ठेवायला कागदावर एक अक्षर जास्त लागते, बाकी काही खर्च नाही, तेव्हा मुळात राउंड कशाला करायचे हा प्रश्नही रास्तच आहे.

शीटमध्ये करणार असाल तर एकूण वेळा B रकान्यात वेळेच्या स्वरूपात टाका. स्प्रेडशीट वेळ दिवसाच्या अंशात साठवते, म्हणून सेकंदांसाठी ८६४०० ने गुणायचे:

```
C2: =ROUND(B2*86400,0)
D2: =C2
C3: =ROUND(B3*86400,0)
D3: =C3-C2
```

C3 आणि D3 खाली ओढत न्या. D चा आकडा मिनिटांत हवा असेल तर 86400 ने भागून त्या रकान्याला [m]:ss हा फॉरमॅट द्या. ROUND(B2*86400,0) च्या जागी INT(B2*86400) वापरले तर दशांश कापला जातो. एकूण वेळेवर ते चालून जाईल, फेऱ्यांवर नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते. रकान्याचा फॉरमॅट बदलून दशांश लपवले, तर आत दशांश शाबूत असतात आणि SUM त्यांचीच बेरीज करते. मग एकूण बरोबर येते, पण दिसणाऱ्या आकड्यांची कुणी हाताने बेरीज केली तर ती जुळत नाही आणि तक्रार येते. हा दोष निव्वळ दिसण्याचा. तक्त्याखाली "फेऱ्या राउंड केल्या आहेत, एकूण वेळ घड्याळावरची" अशी ओळ टाकली की काम भागते. ROUND लावून मग SUM केले तर दशांश खरोखर गेलेले असतात, आणि तुमच्या शीटमध्ये हेच झाले आहे. दोन्हींत फरक करायची सोपी खूण: बेरजेच्या खान्याला दशांश दाखवणारा फॉरमॅट द्या. ४३:२८.७ उमटले तर फक्त दिसण्याचा प्रश्न होता, ४३:२२.० उमटले तर दशांश परत येणार नाहीत, मूळ नोंद शोधा.

बाकीच्या धावकांची शीट तपासताना फरकाच्या आकारावरून कारण बरेचसे कळते. पंचवीस फेऱ्यांत तीन सेकंदांपर्यंतचा फरक साध्या राउंडिंगचा. तीन ते साडेबारा असेल आणि फेऱ्या एकसारख्या असतील, तर तुमच्यासारखी केस. जवळजवळ सगळ्यांच्याच शीटमध्ये बेरीज दहा ते पंधरा सेकंदांनी कमी येत असेल, तर आकडे ओरडणारा दशांश कापत होता. जवळच्या सेकंदाला राउंड करून साडेबाराच्या वर फरक जाऊच शकत नाही. त्याहून मोठा असेल तर दुसरे काहीतरी आहे: नेमका साठच्या आसपासचा फरक म्हणजे मिनिटाचा आकडा चुकीचा लिहिला, आणि एका फेरीइतका, म्हणजे शंभरेक सेकंदांचा फरक म्हणजे फेरी मोजायची राहिली. ही शेवटची शंका आली तर आधी तिचा निकाल लावा, बाकी सगळे नंतर.

हीच भानगड मॅरेथॉनच्या पेस बँडवर उलट्या बाजूने होते. मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे बरेच जण मनगटावर चार तासांचा तक्ता बांधतात. चार तासांना पेस पडतो किलोमीटरला ५:४१.२७. तो ५:४१ धरून तक्ता केला तर ३० किलोमीटरला २:५०:३० येते, खरे हवे २:५०:३८. आणि शेवटी ३:५९:४८.५. इथे चूक धावकाच्या फायद्याची आहे म्हणून कुणी कुरकुरत नाही. ५:४२ धरला तर मात्र ४:००:३०.७ होतात आणि चार तास हुकतात. तक्ता करताना राउंड न केलेला पेस किलोमीटरने गुणा आणि आलेली वेळ राउंड करा.

तुमच्या ट्रायलचा निकाल आता असा दुरुस्त करा. सगळ्यांची शेवटची वेळ स्टॉपवॉचच्या मेमरीतून घ्या, बेरजेतून नको, आणि ४३:२५ ची मर्यादा त्याच वेळेला लावा. फक्त या मुलीची वेळ सुधारून बाकीच्यांची तशीच ठेवलीत तर अन्याय होईल. ज्यांच्या फेऱ्यांचे दशांश .६ ते .९ मध्ये पडले त्यांना तुमच्या शीटने उगाच हळू दाखवले असणार, आणि त्यांतले कुणी खरे तर मर्यादेच्या आत असू शकते. ज्यांची मेमरी पुसली गेली आणि हाती फक्त पूर्ण सेकंदांतल्या फेऱ्या आहेत, त्यांची खरी वेळ आता काढता येणार नाही. त्यांची बेरीज ४३:१२ च्या आत असेल तर त्यांना बेलाशक पुढच्या गटात घ्या, कारण साडेबारा सेकंद वाढले तरी ते ४३:२५ च्या आतच राहतात. बेरीज ४३:३८ किंवा त्याहून जास्त असेल तर ते बाहेर. मधल्यांना पुन्हा एकदा धावायला लावा.